लॅपटॉप सुरूच होत नाही, फायली आत अडकल्यात. स्वतः कुठवर खटपट करावी?

मधुमालती | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. माझा सहा वर्षांचा लॅपटॉप काल रात्रीपासून सुरू होत नाहीये. बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह येतं, मग "Preparing Automatic Repair", मग काळा पडदा, की पुन्हा तेच चिन्ह. आधीचे दोन दिवस तो फार हळू चालत होता. एक फोल्डर उघडायला मिनिटभर लागायचं. मी म्हटलं, वय झालं असेल.

आत प्रबंधाची सगळी प्रकरणं आहेत आणि साठेक मुलाखतींची ध्वनिमुद्रणं. पहिली तीन प्रकरणं मार्गदर्शकांना मेल केलेली आहेत, ती मिळतील. चौथं प्रकरण आणि मुलाखती मात्र फक्त या लॅपटॉपमध्येच. (हो, माहितीये. बोलणी नंतर खाईन.)

भाचा म्हणतोय, दुरुस्तीच्या पडद्यावरून `chkdsk /f /r` चालव, सगळं ठीक होईल. चालवू का? की काहीच न करता थेट तंत्रज्ञाकडे नेऊ? नक्की कुठे थांबायचं ते कळत नाहीये.

टवाळ_पोर | ९:१८

प्रबंध गेला तर पुन्हा लिहिताना दुसऱ्यांदा चांगला होतो म्हणतात.

(पळतो.)

अर्धाशहाणा | ९:३१

भाचा बरोबर सांगतोय. मी आजवर तीन लॅपटॉप `chkdsk` ने जिवंत केलेत. रात्री लावून झोपायचं, सकाळी विंडोज हजर. एवढ्या तेवढ्यासाठी तंत्रज्ञाकडे धाव कशाला?

रातकिडा | ९:५२

मधुमालतीताई, `chkdsk` अजिबात चालवू नका. आणि तो स्वयंदुरुस्तीचा फेराही आता बंद करा. पॉवरचं बटण दाबून धरा आणि लॅपटॉप बंदच राहू द्या.

अर्धाशहाणा यांचे तीन लॅपटॉप वाचले यात मला शंका नाही, कारण तिथे बहुधा फक्त फाइल सिस्टीमचा हिशोब बिघडला होता आणि खालची डिस्क धडधाकट होती. `chkdsk` चं काम विंडोजचा हिशोब जुळवणं. तुमच्या फायली वाचवणं हे त्याचं काम नाही. हिशोब जुळत नसेल तर ज्या नोंदी बसत नाहीत त्या तो कापतो, आणि उरलेले तुकडे `found.000` नावाच्या फोल्डरात `file0001.chk` अशा नावांनी टाकतो. शिवाय `/r` लावलं की डिस्कवरची प्रत्येक जागा वाचून बघतो. आजारी डिस्ककडून तासन्तास श्रम करून घ्यायचे आणि वर तिच्यावरच लिहायचं, असा दुहेरी मार बसतो.

तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला खटकली. नुसतं विंडोज बिघडलं असतं तर आधीचे दोन दिवस फोल्डर उघडायला मिनिट लागलं नसतं. डिस्क एखादी जागा पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते तेव्हा असा उशीर होतो.

तीन गोष्टी सांगा. आत फिरती हार्डडिस्क आहे की एसएसडी? चालू असताना टक-टक किंवा किरकिर असा आवाज येत होता का? आणि बायोसमध्ये गेल्यावर डिस्कचं नाव आणि आकार नीट दिसतो का? हे बघायला एकदाच चालू करा, दोन मिनिटांत बंद करा.

मधुमालती | १०:२०

फिरती हार्डडिस्क, १ टीबी. बायोसमध्ये मॉडेलचं नाव दिसतंय, आकारही बरोबर आहे. कान लावून ऐकलं, नेहमीचीच मंद घरघर आहे, टक-टक नाही.

पावसाळी_ढग | १०:२६

माझ्यापण फायली गेल्यात हो! चुकून डिलीट केल्या आणि रिसायकल बिनपण रिकामं केलं. लॅपटॉप मस्त चालू आहे. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

रातकिडा | १०:३४

ढगभाऊ, तो वेगळा आजार. वेगळा धागा काढा, आणि तोवर त्या लॅपटॉपवर काहीही उतरवू नका, ते रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा नाही.

ताई, आवाज नाही आणि बायोसला डिस्क दिसतेय, म्हणजे घरी एक प्रयत्न करता येईल. एकच, आणि नीट. त्यासाठी दोन वस्तू लागतील: एक पेनड्राइव्ह, आणि १ टीबीपेक्षा मोठी बाहेरची डिस्क. १ टीबीची चालत नाही, काठोकाठ कमी पडते. २ टीबीची घ्या. ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असू द्या, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही आणि आपण अख्ख्या डिस्कची नक्कल एकाच फाइलमध्ये घेणार आहोत.

दुसऱ्या कुणाच्या संगणकावर SystemRescue उतरवून पेनड्राइव्हवर घाला आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. ही पेनड्राइव्हवरूनच चालणारी लिनक्स आहे, आतल्या विंडोजला हात लावत नाही. चार्जर लावलेला ठेवा. सुरू झाल्यावर डिस्कच्या चित्रावर डबल क्लिक करायचा मोह आवरा. आधी फक्त हे दोन चालवा आणि काय दिसतं ते इथे लिहा.

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,FSTYPE
smartctl -a /dev/sda
```

पहिल्याने कोणती डिस्क कोणत्या नावाने दिसतेय ते कळेल. आकार आणि मॉडेल बघूनच ठरवा. `sda` म्हणजे लॅपटॉपचीच असं धरून चालू नका.

चिमणराव_धाकटे | १०:५५

एवढं कशाला? स्क्रू काढा, डिस्क बाहेर काढा, यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि दुसऱ्या लॅपटॉपला लावा. मी दहा मिनिटांत सगळे फोटो काढले होते.

रातकिडा | ११:०२

डिस्क धडधाकट असेल तर तोच उत्तम मार्ग. पण आजारी डिस्क विंडोजला जोडली की ते लगेच तिची तपासणी करायला बघतं, चित्रांच्या छोट्या प्रतिमा बनवायला जातं, अँटीव्हायरसही फायली चाळू लागतो. आपण काही न मागताच डिस्कची धावपळ सुरू होते.

स्वाक्षरी_नाही | ११:४०

एक गोष्ट सगळे विसरताय, ती माझ्या अंगाशी आलीय म्हणून सांगते. माझा मदरबोर्ड गेला. डिस्क काढून दुसऱ्याकडे लावली तर पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली. बिटलॉकर! मी कधी चालूच केलं नव्हतं. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं. किल्ली त्याच खात्यात, `aka.ms/myrecoverykey` वर सापडली. पण त्या खात्याचा पासवर्ड आठवायला मला चार दिवस लागले. किल्ली नसेल तर कितीही मोठा तंत्रज्ञ असो, काही करू शकत नाही.

रातकिडा | ११:४६

+१, मी हे आधीच विचारायला हवं होतं. ताई, `lsblk` मध्ये शेवटच्या रकान्यात `BitLocker` दिसलं तर आधी किल्ली शोधा. `ntfs` दिसलं तर सुटलात.

मधुमालती | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

झालं एकदाचं. `sda` म्हणजे लॅपटॉपचीच डिस्क, 931.5G दाखवतेय. (घाबरले होते, पण भाच्याने सांगितलं की १ टीबी असाच दिसतो.) मोठ्या भागापुढे `ntfs` आहे. नवी डिस्क `sdb`.

दुसऱ्या आज्ञेने पानभर मजकूर ओतला. वर `PASSED` लिहिलंय, म्हणजे डिस्क पास झाली ना? खाली `Reallocated_Sector_Ct` च्या ओळीत शेवटी 88 आणि `Current_Pending_Sector` पुढे 312.

अर्धाशहाणा | ७:१५

पास झाली! मी म्हटलं होतं ना. आता बिनधास्त `chkdsk`.

रातकिडा | ७:३८

त्या `PASSED` वर जाऊ नका. उत्पादकाने ठरवलेली मर्यादा ओलांडली तरच तिथे नापास दिसतं, आणि मरणासन्न डिस्कही शेवटपर्यंत पास होत राहते. आपल्या कामाचा आकडा ३१२. इतक्या जागा डिस्कला वाचता आलेल्या नाहीत आणि त्यांचं काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही. निरोगी डिस्कवर तिथे शून्य असतं. ८८ जागा तिने आधीच बाद करून त्यांच्याऐवजी राखीव जागा वापरल्या आहेत.

म्हणजे विंडोज बिघडलेलं नाही, त्याच्या पायाखालची जमीन खचतेय. आता एकेक फाइल उचलत बसू नका, अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमध्ये तिची हुबेहूब नक्कल, घ्या:

```
mkdir -p /mnt/backup
mount /dev/sdb1 /mnt/backup
ddrescue -n /dev/sda /mnt/backup/disk.img /mnt/backup/disk.map
```

आधी कुठून, मग कुठे, हा क्रम तीनदा वाचा. नावांची अदलाबदल झाली तर प्रबंधाच्याच डिस्कवर लिहिलं जाऊ शकतं.

साध्या कॉपीत आणि `ddrescue` मध्ये फरक असा. कॉपी करताना वाईट जागा लागली की सगळं तिथेच अडून बसतं. `ddrescue` ती जागा सोडून पुढे जातं, आधी सहज मिळेल ते सगळं गोळा करतं आणि काय राहिलं त्याची नोंद `disk.map` मध्ये ठेवतं. त्यामुळे मध्येच थांबवलं तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की तिथून पुढे चालू होतं. `-n` म्हणजे वाईट भाग खरवडायचे नाहीत, निदान आत्ता नाहीत.

जुना_कारागीर | ८:१०

मी काही वर्षं डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत काम केलंय. रातकिडा यांचं बाकी सगळं मान्य, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. चौथं प्रकरण दोन-चार एमबीचं असेल. मी असतो तर डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडून (`mount -o ro`) आधी ती एक फाइल उचलली असती आणि मग प्रतिमा घेतली असती. डिस्क रात्रीत गेली तर अर्धवट प्रतिमेत ते प्रकरण असेलच असं नाही.

रातकिडा | ८:२२

पटतं, आणि नाहीही. जोडताना फायलींची सूची वाचावी लागते. वाईट जागा नेमक्या त्या सूचीत असल्या तर ती एक फाइल उचलायलाच अर्धा तास जाईल. फोल्डर उघडायला मिनिट लागत होतं, म्हणून मला ती सूचीच संशयास्पद वाटतेय.

जुना_कारागीर | ८:३०

मी दोन्ही प्रकारांत जिंकलोही आहे आणि हरलोही. ताईंनी ठरवावं.

मधुमालती | ८:४१

सरळ प्रतिमा घेतेय. एका जागी बसून काळजी करणं मला जास्त जमतं.

टवाळ_पोर | ८:४३

प्रबंध लिहिणाऱ्यांना तो सराव असतोच.

मधुमालती | बुधवार, सकाळी ८:००

अकरा तासांनी संपलं. सुरुवातीला सेकंदाला ९० एमबी वेग होता, मध्ये काही वेळ अगदी काही केबींवर आला, पुन्हा चढला. आता `rescued` पुढे 99.97% दाखवतंय. नाचू का?

रातकिडा | ८:२५

सावकाश नाचा. १ टीबीचा ०.०३ टक्का म्हणजे ३०० एमबी. ती कुठली आहे त्यावर सगळं अवलंबून. विंडोजच्या फायलींतली असेल तर कुणाला पर्वा? मुलाखतींतली असेल तर वेगळी गोष्ट.

आता दुसरी फेरी, `-n` न लावता. यात ते उरलेले भाग थोडेथोडे करून खरवडायचा प्रयत्न होतो. डिस्कला हाच भाग सगळ्यात जड जातो, म्हणून खोलीत कुणीतरी थांबा आणि कान उघडे ठेवा. आवाज बदलला की तिथेच थांबायचं.

```
ddrescue -d -r1 /dev/sda /mnt/backup/disk.img /mnt/backup/disk.map
```

मधुमालती | दुपारी १:१५

थांबले. ३०० वरून १८४ एमबीवर आलं होतं आणि अचानक टक, टक, टक. घड्याळासारखा ठोका. मी Ctrl+C दाबलं, काही होईना, म्हणून बटण दाबून लॅपटॉपच बंद केला. हात थरथरतायत अजून.

अर्धाशहाणा | १:२०

अशा वेळी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतात. आकुंचन पावून अडकलेले भाग सुटतात. ऐकीव नाही, माझ्या मित्राने केलंय.

जुना_कारागीर | १:४८

दादा, कृपा करा. फार जुन्या डिस्कवर कधीतरी चालल्याचे किस्से आहेत. आजच्या डिस्कमध्ये तबकडी आणि तिच्यावर तरंगणारं हेड यांच्यात काही नॅनोमीटरचं अंतर असतं. गार डिस्क बाहेर काढली की तबकडीवर बाष्प धरतं. त्या बाष्पावरून हेड नेणं म्हणजे खरवडपट्टीच.

ताई, बरोबर वेळी बंद केलंत. तो ठोका म्हणजे हेड आपली जागा शोधायला जातं, सापडत नाही, परत येतं, पुन्हा जातं. बहुतेक वेळा हेड खराब झालेलं असतं. यापुढे कोणतंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. प्रत्येक वेळी चालू करताना तबकडीवर ओरखडा पडायची शक्यता असते, आणि जिथे ओरखडा पडला तिथला डेटा कोणत्याच प्रयोगशाळेला परत आणता येत नाही. प्रयोगशाळेत त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची हेडं काढून, धूळविरहित जागेत बसवतात आणि मग प्रतिमा घेतात. घरी झाकण उघडून "जरा बघतो" म्हणणाऱ्यांच्या डिस्क मी पाहिल्यात. वरच्या काचेवर बोटांचे ठसे असावेत तसे तबकडीवर होते.

आता त्या डिस्कला विसरा. प्रतिमेत काय आहे ते बघा.

रातकिडा | २:०५

हो. लॅपटॉपमधून डिस्क काढूनच ठेवा, म्हणजे चुकून वीज मिळणार नाही. मग पेनड्राइव्ह आणि नवी डिस्क लावून सुरू करा, `lsblk` ने नव्या डिस्कचं नाव पुन्हा बघा, ते आता बदललेलं असू शकतं, त्याच नावाने `/mnt/backup` मघासारखं जोडा आणि:

```
losetup -r -P -f --show /mnt/backup/disk.img
mkdir -p /mnt/win
mount -o ro /dev/loop1p3 /mnt/win
```

पहिली ओळ जे नाव छापेल ते खाली `loop1` च्या जागी घाला, आणि `p3` च्या जागी सगळ्यात मोठ्या भागाचा आकडा.

मधुमालती | रात्री ९:३०

मुलाखती आहेत!! सगळ्या साठ. दोन ऐकताना मध्येच क्षणभर टिचकी वाजल्यासारखं होतं, बाकी स्वच्छ.

चौथं प्रकरण मात्र वर्ड उघडत नाही. "फाइल खराब आहे" म्हणतो. आकार बरोबर दिसतो, नावही बरोबर आहे.

रातकिडा | ९:५०

यात गंमत आहे. तुमची मुद्रणं wav असतील तर ४ केबीचं भोक म्हणजे सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाचा चाळिसावा भाग. कान दुर्लक्ष करतो. `docx` मात्र आतून झिप असते. मजकूर असलेल्या भागात तेवढंच भोक पडलं तरी पुढचं सगळं उलगडत नाही.

प्रतिमेत `Users\तुमचं नाव\AppData\Roaming\Microsoft\Word` या फोल्डरात जा. वर्ड आपोआप जपून ठेवतो त्या `.asd` फायली तिथे असतात. लपवलेलं फोल्डर आहे.

मधुमालती | १०:४०

सापडली एक. नऊ दिवसांपूर्वीची. तीस पानांपैकी बावीस आहेत. उरलेली आठ पानं त्या मोडक्या फाइलमध्येच.

तर आता माझा मूळ प्रश्न पुन्हा. आठ पानांसाठी प्रयोगशाळेत जायचं का?

चिमणराव_धाकटे | १०:५५

आठ पानं नऊ दिवसांत लिहिली होतीत. पुन्हा लिहायला पाच पुरतील. मी नसतो गेलो.

स्वाक्षरी_नाही | ११:०५

आणि गेलात तर नुसत्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊ नका. माझ्या चुलत बहिणीने "सुरू होत नाही" एवढंच सांगून लॅपटॉप ठेवला होता. संध्याकाळी सुरू झालेला परत मिळाला, नवंकोरं विंडोज टाकून. त्यांच्या मते काम चोख झालं होतं.

जुना_कारागीर | ११:३०

अगदी. जाल तिथे कागदावर लिहून द्या: लॅपटॉप दुरुस्त करायचा नाही, डेटा हवा आहे, मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही. आणि तुमची प्रतिमा आणि `disk.map` सोबत न्या. कोणत्या जागा राहिल्यात ते त्यात आहे, त्यामुळे तेवढ्याच वाचायचा प्रयत्न करता येतो. डिस्क उघडण्याआधी ते काय म्हणतात ते ऐका. न उघडताच "शंभर टक्के मिळेल" म्हणणाऱ्याकडून डिस्क परत घ्या.

माझा अंदाज सांगायचा तर, १८४ एमबी राहिली याचा अर्थ आठ पानं मिळतीलच असा नाही. हेड बदलूनही ती जागा वाचता आली नाही असं मी अनेकदा पाहिलंय.

रातकिडा | ११:४५

माझं थोडं वेगळं. आज सकाळी पहिली फेरी झाल्यावरच थांबून प्रयोगशाळेत जावं असं मी सुचवायला हवं होतं का, हे दिवसभर डोक्यात आहे. तेव्हा हेड शाबूत होतं. दुसऱ्या फेरीने ११६ एमबी मिळाली, आणि कदाचित तिनेच हेड गेलं. त्या ११६ एमबीत काय होतं ते आपल्याला माहीत नाही.

जुना_कारागीर | ११:५२

माझ्या हिशोबाने तिथेच थांबायला हवं होतं. पण हे आता सांगणं सोपं आहे.

अर्धाशहाणा | ११:५८

बरं, मग `chkdsk` प्रतिमेवर चालवलं तर चालेल का? तिथे तर डिस्क मरायची भीती नाही.

रातकिडा | गुरुवार, १२:०६

हे बरोबर बोललात. प्रतिमेच्या प्रतीवर चालेल. पण ताईंची सूची तर उघडतेय, सगळी नावं दिसतायत, मग जुळवायचं काय? ते भोक `chkdsk` ने भरणार नाही.

मधुमालती | १२:२०

डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. आठ पानांतल्या तीन पानांचे मुद्दे वहीत सापडले. उरलेल्या पाचांचं उद्या मार्गदर्शकांशी बोलून ठरवते. ते प्रयोगशाळा म्हणतील की "दुसऱ्यांदा चांगलं होतं" म्हणतील, बघू.

टवाळ_पोर | १२:२२

मी काही बोललो नाही.